गणपती कधी ऑगस्टात, कधी सप्टेंबरात: तारीख का सरकते आणि पुढच्या वर्षीची घरबसल्या कशी काढायची

आधी माझा गाढवपणा सांगतो. आमच्या ऑफिसात वर्षाच्या सुरुवातीलाच मोठ्या सुट्ट्या टाकून ठेवायच्या असतात, आणि २०२२ ला गणपती ३१ ऑगस्टला होते. दरवर्षी सण दहा-अकरा दिवस अलीकडे येतात एवढं कुठून तरी कानावर पडलेलं, तेवढ्या ज्ञानावर मी २०२३ साठी २० ऑगस्टपासून पाच दिवस सुट्टी टाकली आणि गावाला यायचं तसं कळवूनही टाकलं. आईचा फोन आला, "अरे बाबा, यंदा धोंडा आहे. गणपती सप्टेंबरात. तू ऑगस्टात येऊन काय करणारेस, पावसात गवत काढणार?" कॅलेंडर उघडलं तर खरंच १९ सप्टेंबर. म्हणजे सण अलीकडे यायच्या ऐवजी जवळजवळ तीन आठवडे पलीकडे गेला होता.

त्यानंतर मी हे प्रकरण नीट समजून घेतलं. पंचांग वाचता येत नसेल तरी चालेल, मलाही तेव्हा येत नव्हतं. भिंतीवरचं कॅलेंडर, एक कागद आणि थोडी बेरीज-वजाबाकी एवढ्यावर काम भागतं. मी सगळं गणपतीवरच सांगतो, कारण एक सण नीट कळला की बाकीचे आपोआप उलगडतात.

पायरी १: आधी तारखा शेजारी-शेजारी लिहा

थिअरी नंतर. पहिल्यांदा गेल्या काही वर्षांच्या गणेश चतुर्थीच्या तारखा एकाखाली एक लिहा:

२०२१: १० सप्टेंबर
२०२२: ३१ ऑगस्ट
२०२३: १९ सप्टेंबर
२०२४: ७ सप्टेंबर
२०२५: २७ ऑगस्ट
२०२६: १४ सप्टेंबर

आता एका चतुर्थीपासून पुढच्या चतुर्थीपर्यंत किती दिवस झाले ते मोजा. २०२३ ते २०२४ मध्ये ३५४ दिवस, २०२४ ते २०२५ मध्ये परत ३५४. आणि २०२२ ते २०२३ मध्ये? ३८४. २०२५ ते २०२६ मध्ये ३८३. बास, मधलं काही नाहीच. एकतर ३५४ च्या आसपास, नाहीतर ३८४ च्या आसपास. म्हणजे गणपतीचं वर्ष दोनच मापांचं असतं, एक आखूड आणि एक लांब, आणि त्यांच्यातला फरक बरोबर एका महिन्याचा. तारीख वाटेल तशी उड्या मारत नाही, ती दोनच प्रकारची पावलं टाकते: थोडंसं मागे, थोडंसं मागे, आणि मग एकदम मोठं पाऊल पुढे.

पायरी २: मागे का सरकते

हा भाग सोपा आहे. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. असे बारा महिने धरले तर ३५४ दिवस आणि वर थोडे तास होतात. आपलं इंग्रजी कॅलेंडर मात्र सूर्यावर चालतं, त्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दोघांत जवळपास ११ दिवसांचा फरक. म्हणून चंद्राचे बारा महिने संपून भाद्रपदातली चतुर्थी परत येते तेव्हा इंग्रजी कॅलेंडरला वर्ष पुरं व्हायला अजून ११ दिवस बाकी असतात, आणि आपल्याला वाटतं सण अलीकडे आला. सण त्याच्या जागी बरोबर आहे, आपण त्याला मोजायला दुसरी पट्टी लावलीय एवढंच.

फक्त इतकंच असतं आणि पुढे काही सुधारणा नसती तर काय झालं असतं ते ईदकडे बघून कळतं. हिजरी कॅलेंडर निव्वळ चंद्राचं आहे, बारा महिने झाले की वर्ष बदललं, मध्ये कुठलाही जादा महिना घालायचा नाही. त्यामुळे ईद-उल-फित्र आपल्याकडे २०२४ ला ११ एप्रिलला होती, २०२५ ला ३१ मार्चला, आणि अशीच सरकत सरकत साधारण ३३ वर्षांत ती उन्हाळा, पावसाळा, थंडी सगळं फिरून येते. ज्यांनी लहानपणी डिसेंबरातले रोजे पाहिलेत त्यांनीच पुढे मे-जूनच्या उकाड्यातलेही पाहिलेत. गणपतीचं तसं झालं असतं तर काही वर्षांनी भर मार्चमध्ये दूर्वा शोधत फिरावं लागलं असतं. तसं होत नाही, कारण आपलं पंचांग चंद्रावर चालत असलं तरी त्याचा एक डोळा सूर्यावर असतो.

पायरी ३: कुंपण कुठे आहे ते ओळखा

हीच खरी किल्ली आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

चांद्रमहिन्याला नाव कसं मिळतं? आपल्याकडे महाराष्ट्रात अमावास्या संपली की नवा महिना सुरू होतो. सूर्य वर्षभरात बारा राशींतून फिरतो, साधारण महिन्याला एक रास, आणि एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो त्या क्षणाला संक्रांत म्हणतात. आपल्याला मकर संक्रांत तेवढी माहीत असते कारण तिळगूळ तेव्हा मिळतो, पण संक्रांती वर्षात बारा असतात. आणि नियम असा की दोन अमावास्यांच्या मध्ये जी संक्रांत पडेल तिच्यावरून त्या महिन्याचं नाव ठरतं. सूर्य मेषेत गेला तो महिना चैत्र, वृषभेत गेला तो वैशाख, मिथुनेत ज्येष्ठ, कर्केत आषाढ, सिंहेत श्रावण, कन्येत भाद्रपद, आणि असंच पुढे.

आता आपल्या कामाचं एवढंच की सूर्य कन्या राशीत जातो तो दरवर्षी १७ सप्टेंबरच्या आसपास, एखादा दिवस इकडेतिकडे. संक्रांत सूर्याची असल्यामुळे तिची तारीख सरकत नाही, जशी मकर संक्रांत १४ नाहीतर १५ जानेवारीलाच येते. मग भाद्रपद म्हणजे काय? ज्या चांद्रमहिन्याच्या पोटात १७ सप्टेंबर येतो तो. बाकी काही नाही.

यावरून गणपती कधी येऊ शकतात त्याच्या दोन्ही कडा काढता येतात. महिना २९-३० दिवसांचा आणि १७ सप्टेंबर त्यात कुठेतरी असलाच पाहिजे. समजा तो अगदी शेवटी आला, म्हणजे महिना १८-१९ ऑगस्टला सुरू झाला आणि १७ सप्टेंबरला संपला, तर चतुर्थी येणार २१-२२ ऑगस्टच्या सुमाराला. समजा तो अगदी सुरुवातीला आला, तर चतुर्थी येणार २०-२१ सप्टेंबरच्या सुमाराला. झालं. गणपती या दोन कडांच्या बाहेर जात नाहीत. जुलैत नाही, ऑक्टोबरात नाही. २०२० ला २२ ऑगस्टला आले होते, म्हणजे अगदी अलीकडच्या कुंपणाला टेकून, आणि २०२३ ला १९ सप्टेंबरला, म्हणजे पलीकडच्या कुंपणाजवळ.

(थोडं अवांतर: हे कुंपणसुद्धा अगदी पक्कं सिमेंटचं नाहीये. आपल्या पंचांगातलं वर्ष ताऱ्यांवरून मोजलेलं आहे आणि ते इंग्रजी वर्षापेक्षा काही मिनिटांनी मोठं, त्यामुळे संक्रांती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे जातात. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आता ती १४-१५ ला आहे. आपल्या हयातीत याची काळजी करायचं कारण नाही.)

पायरी ४: पुढे उडी कधी मारते, म्हणजेच धोंड्याचा महिना

आता बघा, सूर्याला एक रास ओलांडायला सरासरी ३०.४ दिवस लागतात, आणि चांद्रमहिना २९.५ दिवसांचा. चांद्रमहिना थोडा आखूड. त्यामुळे कधीतरी असं होतं की एक अख्खा चांद्रमहिना दोन संक्रांतींच्या मध्ये बसून जातो आणि त्याच्या वाट्याला एकही संक्रांत येत नाही. संक्रांत नाही म्हणजे स्वतःचं नावही नाही. मग त्याला पुढच्या महिन्याचं नाव उसनं देतात आणि पुढे 'अधिक' लावतात. हाच अधिक मास, पुरुषोत्तम मास, आणि आपल्या घरातल्या भाषेत धोंडा. ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणतात तो तेरावा महिना हाच.

२०२६ चं उदाहरण नीट बघू, कारण ते फार मजेशीर आहे. सूर्य वृषभ राशीत जातो १५ मे ला. त्यानंतर अमावास्या संपते १७ मे ला, मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराला, आणि तिथून नवा चांद्रमहिना सुरू. हा महिना संपतो पुढच्या अमावास्येला, १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत. आणि सूर्य मिथुनेत कधी जातो? त्याच दिवशी, १५ जूनलाच, पण दुपारी. म्हणजे आधीची संक्रांत महिना सुरू व्हायच्या दोन दिवस आधीच होऊन गेली आणि पुढची महिना संपल्यावर काही तासांनी आली. गाडी प्लॅटफॉर्मवरून हलली आणि मग आपण जिना उतरलो, तसली गत. त्या काही तासांमुळे १७ मे ते १५ जून हा महिना बिनसंक्रांतीचा राहिला आणि अधिक ज्येष्ठ झाला, त्याच्या पुढचा, ज्यात मिथुन संक्रांत आहे, तो निज ज्येष्ठ म्हणजे खरा ज्येष्ठ. आणि मग आषाढ, श्रावण, भाद्रपद सगळे एकेक महिन्याने पुढे ढकलले गेले, म्हणून गणपती २७ ऑगस्टवरून एकदम १४ सप्टेंबरला.

माझ्या २०२३ च्या घोळाचं कारणही तेच. कर्क संक्रांत १७ जुलैला पहाटे होऊन गेली, अमावास्या त्याच दिवशी मध्यरात्रीला संपली, पुढची अमावास्या १६ ऑगस्टला दुपारी संपली आणि सिंह संक्रांत आली १७ ऑगस्टला. दोन्ही बाजूंनी एकेका दिवसाने चुकामूक. तो झाला अधिक श्रावण.

अधिक महिना सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो, म्हणून ढोबळमानाने दर तिसऱ्या वर्षी म्हणतात. जावयाला ३३ अनारसे देतात त्याचा संबंध बरेच जण या ३३ महिन्यांशी लावतात. आणि तो जास्त करून उन्हाळा-पावसाळ्यातल्या महिन्यांतच का येतो, तर पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सगळ्यात लांब असते, त्या दिवसांत ती हळू चालते, त्यामुळे सूर्य त्या राशींत ३१ दिवसांपेक्षाही जास्त रेंगाळतो, आणि रास जेवढी लांब तेवढा तिच्यात अख्खा चांद्रमहिना मावायचा चान्स जास्त. थंडीत उलटं.

इथे नवीन लोकांची एक हमखास चूक होते. अधिक महिना असलेल्या वर्षी गणपती पुढे जाणारच असं नाही. अधिक महिना भाद्रपदाच्या आधी आला तरच गणपती पुढे जातात. २०२० आठवून बघा, लॉकडाऊनचे गणपती. ते २२ ऑगस्टलाच आले, कारण त्या वर्षी कन्या संक्रांत १६ सप्टेंबरला संध्याकाळी झाली आणि अमावास्या १७ ला संपली, म्हणजे भाद्रपदाने एका दिवसाच्या आतल्या फरकाने का होईना आपली संक्रांत पकडली. अडकला तो पुढचा महिना, अधिक आश्विन. म्हणून त्या वर्षी पितृपक्ष १७ सप्टेंबरला संपला आणि एरवी दुसऱ्याच दिवशी बसणारे घट एक महिना थांबून १७ ऑक्टोबरला बसले. नवरात्र, दसरा, दिवाळी सगळं पुढे गेलं, गणपती तेवढे मागे राहिले. त्यांची उडी मग २०२१ च्या हिशेबात दिसली, २२ ऑगस्टवरून १० सप्टेंबर.

पायरी ५: आता पुढच्या वर्षीची तारीख स्वतः काढा

कृती अशी. यंदाच्या चतुर्थीच्या तारखेतून ११ दिवस वजा करा. मध्ये २९ फेब्रुवारी येऊन गेला असेल तर १२ करा. उत्तर २२ ऑगस्ट किंवा त्यानंतरचं आलं तर तीच अंदाजे तारीख. उत्तर त्याच्या आधीचं आलं तर ते कुंपणाबाहेर गेलं, त्यात एक चांद्रमहिना म्हणजे २९-३० दिवस मिळवा.

करून बघू. २०२३ चे १९ सप्टेंबर. २०२४ लीप वर्ष, म्हणून १२ वजा, उत्तर ७ सप्टेंबर. बरोबर. त्यातून ११ गेले, २७ ऑगस्ट, तेही बरोबर. त्यातून परत ११ गेले, १६ ऑगस्ट. हे कुंपणाच्या बाहेर. म्हणून २९ मिळवले, १४ सप्टेंबर, जी २०२६ ची खरी तारीख आहे. पुढे १४ मधून ११ गेले की २०२७ साठी ३ सप्टेंबर येतं, कॅलेंडरमध्ये आहे ४. एक दिवस चुकतं, कारण आपण ठोकळ आकडे वापरतोय.

उत्तर अगदी कुंपणावर, म्हणजे २० ते २३ ऑगस्टच्या मध्ये आलं की मात्र या पद्धतीवर विसंबू नका. तिथे संक्रांत आणि अमावास्या यांच्यात काही तासांचा खेळ असतो आणि तो कागदावर सुटत नाही, चुकलात तर एक दिवसाने नाही, पूर्ण महिन्याने चुकाल. अशा वेळी सरळ १९ वर्षं मागचं कॅलेंडर बघायचं. १९ वर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमहिने बसतात, त्यामुळे तारखा फिरून त्याच जागी येतात. २००६ ला गणपती २७ ऑगस्टला होते, २०२५ लाही २७ ऑगस्टलाच. २००७ ला १५ सप्टेंबर, २०२६ ला १४. घरात जुनी कॅलेंडरं रद्दीत न देणारं माणूस असेल तर त्याला आता मान द्या. आमच्याकडे आजोबा होते, दुधाचे हिशेब लिहिलेली सगळी कॅलेंडरं ट्रंकेत.

पायरी ६: महिना ठरला, आता नेमका दिवस

इथे लोक भांडतात. म्हणजे महिना बरोबर, चतुर्थी बरोबर, पण ती सोमवारी की मंगळवारी?

तिथी म्हणजे दिवस नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी झाली. चंद्र कधी भरभर चालतो कधी हळू, म्हणून एक तिथी साधारण १९ तासांचीही असू शकते आणि २६ तासांचीही, आणि ती सुरू कधी होईल तर दिवसा, रात्री, जेवताना, कधीही. बहुतेक कामांसाठी सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी धरतात, कॅलेंडरच्या चौकोनात तीच छापलेली असते. पण प्रत्येक सणाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो. गणेश चतुर्थीला मध्यान्ह बघतात, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त याचे पाच भाग केले तर मधला भाग, आपल्याकडे साधारण अकरा ते दीड. त्या वेळेला चतुर्थी असली पाहिजे.

२०२६ मध्ये याचा एकदम छान नमुना मिळतो. १४ सप्टेंबरला सकाळी उजाडताना तृतीया आहे, ती सातच्या सुमाराला संपते आणि चतुर्थी लागते. चतुर्थी चालते १५ तारखेच्या सकाळी पावणेआठच्या सुमारापर्यंत. नुसता सूर्योदय बघणारा माणूस म्हणेल गणपती १५ ला. पण १५ च्या दुपारी चतुर्थी आहेच कुठे, तेव्हा पंचमी लागलेली असते. १४ च्या दुपारी ती पूर्ण आहे, म्हणून गणपती १४ ला. आणि १४ च्या सूर्योदयाला तृतीया असल्यामुळे हरतालिकाही त्याच दिवशी. एरवी आदल्या दिवशी येणारी हरतालिका आणि गणपती एकाच दिवशी, म्हणजे घरातल्या बायकांचा उपास आणि मोदकांचा घाट एकत्र, याबद्दल त्यांना काय वाटतं ते मी विचारायला गेलेलो नाही.

२०२३ ला वेगळा पेच होता. चतुर्थी १८ सप्टेंबरला दुपारी १२:३९ ला लागली आणि १९ ला दुपारी १:४३ ला संपली. म्हणजे १८ च्या मध्यान्हात ती अर्धवट होती आणि १९ च्या मध्यान्हात पूर्ण. आपल्याकडे पूर्ण असलेला दिवस धरला, १९. कर्नाटकात मात्र बऱ्याच ठिकाणी १८ लाच गणपती बसले. माझी एक मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिच्याकडेही १८, पण कारण वेगळं. तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास, म्हणून तिच्याकडे चतुर्थी १८ ला पहाटे तीनच्या सुमाराला लागली आणि १९ ला पहाटे चारच्या सुमाराला संपली सुद्धा. तिच्या १९ च्या दुपारी चतुर्थी नव्हतीच. तिथी सगळ्या जगाला एकाच क्षणी लागते, पण दुपार प्रत्येकाची आपापली असते. त्यामुळे परदेशात असाल तर भारतातलं कॅलेंडर भिंतीवर लावून तारीख घेऊ नका, आपल्या शहराचं नाव टाकून पंचांग बघा, हल्ली ॲपमध्ये मिळतं.

गौरींचा हिशेब तर तिथीवर नाहीच, नक्षत्रावर आहे. चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना आवाहन, ज्येष्ठात पूजन, मूळवर विसर्जन. म्हणूनच गणपती बसल्यावर गौरी किती दिवसांनी येतील ते दरवर्षी सारखं नसतं आणि ‘गौरी-गणपती’ किती दिवसांचे याचं उत्तर घरोघरी दरवर्षी नव्याने काढावं लागतं.

उत्तर भारतातल्या मित्राशी तारखा जुळवताना अजून एक गंमत होते, त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि आपली श्रावण वद्य अष्टमी, गोकुळाष्टमी, ही त्यांच्याकडे भाद्रपदात लिहिलेली असते. दिवस तोच, महिन्याचं नाव वेगळं. शुद्ध पक्षात ही भानगड येत नाही, म्हणून गणपतीला त्याचा त्रास नाही.

आणि माझी ती २० ऑगस्टची तारीख

सुट्टी रद्द करायला गेलो तेव्हा ऑफिसातला रत्नागिरीचा एक जण म्हणाला, "कॅन्सल कशाला करतोस, आमच्या वाडीत काही घरांत २० लाच बसणारेत." मला वाटलं चेष्टा करतोय. पण कोकणात टिळक पंचांग मानणारी घरं आहेत, आणि त्यांच्याकडे त्या वर्षी खरोखरच २० ऑगस्टला गणपती होते, बाकी महाराष्ट्राच्या एक महिना आधी.

वरच्या पायऱ्या वाचल्या असतील तर याचं कारण आता तुम्हालाच सांगता येईल. राशीचक्राची सुरुवात आकाशात नेमकी कुठे धरायची यावर दोन मतं आहेत. बहुतेक पंचांगं चित्रा तारा धरून ती ठरवतात, टिळक पंचांग रेवतीच्या बाजूने ठरवतं. दोन्हींत साधारण चार अंशांचा फरक, आणि सूर्य दिवसाला जवळपास एक अंश चालतो, म्हणून टिळक पंचांगात प्रत्येक संक्रांत साधारण चार दिवस आधी येते. अमावास्या मात्र दोघांची एकच, राशीचक्र कुठून मोजता याच्याशी तिचा संबंध नाही. आता १८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३ हा महिना परत घ्या. आपल्या पंचांगात सिंह संक्रांत १७ ऑगस्टला, महिन्याच्या बाहेर, म्हणून तो अधिक. त्यांच्याकडे सिंह संक्रांत चार दिवस आधी, १३ च्या आसपास, म्हणजे महिन्याच्या आत. मग तो साधा श्रावणच झाला, पुढचा महिना भाद्रपद, आणि चतुर्थी २० ऑगस्टला.

मी सुट्टी रद्द केलीच, कारण आमच्या घरात टिळक पंचांग नाही. पण आईला फोन करून एवढं मात्र सांगितलं की माझी तारीख चुकली नव्हती, पंचांग चुकलं होतं. ती म्हणाली, "बरं, १९ ला येताना उकडीसाठी आंबेमोहोराचं पीठ घेऊन ये."